पाटणची राणी की वाव: खांबांकडे जरा वेगळ्या नजरेने

शंभराच्या जांभळ्या नोटेमागची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बघायला अहमदाबादहून भल्या सकाळी निघालो. पाटण साधारण सव्वाशे किलोमीटरवर आहे. घाई केली ती उन्हासाठी. वावेचे तोंड पूर्वेला आणि विहीर पश्चिम टोकाला, त्यामुळे सकाळचे ऊन सरळ पायऱ्यांवरून आत उतरते. दुपारी गेलात तर आत सावली आणि वर भट्टी.

अकराव्या शतकात राणी उदयमतीने बांधलेली ही वाव सुमारे 64 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद आहे. मूर्तींबद्दल गाइड भरभरून बोलतो, खांबांबद्दल अवाक्षर नाही. मला मात्र खांबांचेच कुतूहल होते. आपल्याकडच्या बारवांना बहुतेक ठिकाणी खाली काळा पाषाण लागतो, तो स्वतःला सावरतो. पाटणला सगळी सरस्वती नदीची रेती आणि गाळ. गोल विहिरीला त्याची फिकीर नाही, कारण माती चहूबाजूंनी रेटते तेव्हा दगड एकमेकांत घट्ट बसतात. पण पायऱ्यांच्या चराच्या भिंती लांब आणि सरळ. तशाच सोडल्या, तर पावसाळ्यात माती भिजून जड झाली की भिंत पोट काढते, सांधे उघडतात. म्हणून चरात मधूनमधून खांब-तुळयांचे मजले आडवे उभे केले आहेत. समोरासमोरच्या भिंतींना ते टेकू देतात. जसजसे खाली जाल तसतसा मातीचा रेटा वाढतो आणि मजलेही वाढतात. हे मजले म्हणजेच मंडप, ते सावलीसाठी असतील अशी माझी समजूत होती. सावली मिळते, पण ती वरकमाई!

आता पाण्याचे. वाव म्हणजे हौद नव्हे. पाणी साठते भोवतालच्या रेतीत, वाव फक्त तिथवर पोचायची वाट. पावसानंतर पाणी वर चढते, थोड्याच पायऱ्या उतरून घागर भरता येते. उन्हाळ्यात ते खाली सरकते आणि माणूस त्याच्यामागून उतरत जातो. 23 मीटर खोलीवर साडेनऊ मीटरचा चौरस कुंड आहे, पण त्यामागची विहीर 30 मीटर खोल. म्हणजे कुंड कोरडा पडला तरी विहिरीत सात मीटरची शिल्लक उरते. वारा आणि ऊन तिथवर फारसे पोचत नाही, त्यामुळे वाफ होऊन पाणी थोडेच जाते.

नदीला मात्र उत्तर नव्हते. पुराच्या गाळाने अख्खी वाव बुजली, ती गेल्या शतकात उपसली. मूर्ती इतक्या कोऱ्या राहिल्या त्या या गाळामुळेच.

जाणाऱ्यांसाठी: शेवटच्या टप्प्यापर्यंत सोडत नाहीत, विहिरीचा तळ गाठायच्या आशेने जाऊ नका. उतरण्याआधी वरच्या काठाने पश्चिमेला जाऊन विहिरीत डोकावा, खोलीचा अंदाज तिथूनच येतो. पायऱ्या झिजलेल्या आहेत, चप्पल पट्ट्याची घाला. आत उतरल्यावर जिथे तासलेला दगड निखळलाय तिथे थांबा, मागची विटांची भिंत दिसते. परतताना मोढेऱ्याचा सूर्यकुंडही होतो.