वड्यावरचा शेरा

‘मित्रांनो, ही कढई बघा, किती काळी आहे!’

भाच्याच्या स्क्रिप्टमधलं हे चौथं वाक्य वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. साताऱ्यात एसटी स्टँडच्या मागच्या बोळात एक मावशी वडापावची गाडी लावतात, तिच्यावर त्याला दीड मिनिटाचा व्हिडिओ करायचा होता. पहिली तीन वाक्यं ‘भन्नाट’, ‘एक नंबर’ आणि ‘विषय हार्ड’ यांत संपली होती. चौथ्यात कढई आणि पाचव्यात ‘स्वच्छतेला मात्र शून्य मार्क’. म्हणजे चव आकाशात, मावशी मातीत, आणि बघणाऱ्याच्या हाती काही नाही.

‘मामा, तू बँकेत रिपोर्ट लिहायचास ना? जरा नीट करून दे.’

मी सहकारी बँकेत तपासणी अधिकारी होतो. चोवीस वर्षं शाखाशाखांतून फिरून शेरे लिहिले. त्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. ‘शाखाधिकारी निष्काळजी आहेत’ असं लिहायचं नसतं. ‘अमुक तारखेला रोकड पुस्तकावर दुसरी सही नव्हती’ असं लिहायचं. पहिल्या वाक्यावर भांडण होतं, दुसऱ्यावर सही होते. वड्याला हा नियम लागू पडेल असं मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

कढईचं आधी मिटवलं. लोखंडी कढई काळीच असते. रोज तेल तापून तिच्यावर थर बसतो आणि तिचा रंग तसाच होतो. आपल्या आज्या अशाच कढईत पुऱ्या तळत होत्या आणि तिला कोणी मार्क देत नव्हतं. बघायचं ते कढईतलं तेल. वापरलेल्या तेलाबद्दल सरकारी नियम आहे, त्यात बिघडलेल्या घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही. पण ते मोजायला यंत्र लागतं. गाडीसमोर उभं राहून कोणी टक्केवारी सांगत असेल तर तो थापा मारतोय. डोळ्यांना आणि नाकाला कळतं ते एवढंच: वडा पडायच्या आधीच तेल धूर सोडतंय का, वडे काढल्यावरही फेस बसत नाही का, झाऱ्यावरून तेल पाकासारखं ओघळतंय का, आणि खाल्ल्यावर घशात कडवटपणा राहतो का.

म्हणून आम्ही मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला जाऊन नुसते उभे राहिलो. मावशींना आधी विचारलं, ‘वहिनी, पोरगं व्हिडिओ काढतंय, चालेल का?’ त्या म्हणाल्या, ‘काढा की, पण मला केस बांधू द्या.’ पुढे आम्ही सहा घाणे पाहिले. प्रत्येक घाण्यानंतर त्या बारीक जाळीच्या झाऱ्याने बेसनाचा चुरा काढून पत्र्याच्या डब्यात टाकत होत्या. ही छोटी वाटणारी गोष्ट तेलाचं आयुष्य ठरवते. तो चुरा तळाशी राहिला की जळतो, तेल काळवंडतं आणि पुढच्या घाण्याच्या वड्यांना काळे ठिपके लागतात. मावशींच्या तेलाचा रंग गडद मधासारखा होता, वडे निघाले की फेस बसत होता. स्क्रिप्टमध्ये मी कढईचं वाक्य खोडून तिथे लिहिलं: ‘सहा घाणे पाहिले, प्रत्येक घाण्यानंतर चुरा काढला जातो, तेलाला जळका वास नाही.’ भाचा म्हणाला, ‘हे जरा सपक वाटतं.’ मी म्हटलं, झाऱ्यात अडकलेल्या चुऱ्याचा जवळून शॉट लाव, सपक वाटणार नाही.

मग चव. इथे भाच्याचं आणि माझं खरं वाजलं. ‘भन्नाट’ हा शब्द तो वड्याला, गाण्याला आणि पंक्चरवाल्यालाही लावतो. मी त्याला वडा हातावर फोडायला लावला. आधी पारी बघ. बाहेर खरपूस आणि आत बेसनाचा ओला, चिकट थर राहिला असेल तर तेल जास्त तापलेलं होतं. पारीने तेल पिऊन बोटं माखली असतील तर तेल थंड होतं, नाहीतर पिठात सोडा जास्त पडलाय. सोड्याची आणखी एक खूण आहे, ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. हळद सोड्याला लागली की तांबूस होते. वड्याच्या पारीत लालसर ठिपके दिसले तर समजायचं, सोडा पिठात नीट मिसळला नाही. खाताना त्या जागी साबणासारखी चव लागते. मावशींच्या वड्यात एकही ठिपका नव्हता. पारी पातळ होती, कडेला तिला कुरकुरीत झालर आली होती.

आतला बटाटा हाताने कुस्करलेला. मधे बोराएवढ्या फोडी राहिलेल्या, त्यामुळे दाताला काहीतरी लागतं. आलं-लसूण-मिरचीचा ठेचा पहिल्या घासाला गप्प असतो आणि तिसऱ्या घासाला जिभेच्या मागच्या बाजूने वर येतो. सुक्या चटणीतलं खोबरं ताजं होतं, खवट वास नव्हता. मीठ मात्र कमी वाटलं, आणि पाव कडेने सुकलेला. लादी सकाळी सातला येते, संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कशाची अपेक्षाही करता येत नाही. तेही लिहिलं: ‘संध्याकाळी पाव थोडा कोरडा लागतो.’ यात मावशींचा अपमान नाही, बेकरीचाही नाही. घड्याळाचा असेल तर असो.

एक चूक आमची होती. पहिला वडा आम्ही परातीतल्या ढिगातून घेतला होता, तो वीस मिनिटं तिथे बसून मऊ पडला होता. त्यावरून भाचा ‘कुरकुरीत नाही’ असं लिहून मोकळा झाला होता. दुसरा कढईतून निघालेला घेतला तेव्हा त्याने ते वाक्य स्वतःच पुसलं. पण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही ठेवल्या: ‘पुढच्या घाण्यासाठी पाच मिनिटं थांबलात तर वेगळा वडा मिळेल.’

किमतीचा शेरा सोपा वाटतो, पण ‘फक्त वीस रुपयांत’ यातल्या ‘फक्त’वर माझा आक्षेप होता. वीस रुपये कोणाला फक्त आणि कोणाला किती, हे आपण कोण ठरवणार? शिवाय व्हिडिओ वर्षानुवर्षं राहतात. पुढच्या दिवाळीला पंचवीस झाले की लोक मोबाइल पुढे करून मावशींशीच हुज्जत घालणार. म्हणून महिना आणि साल बोलायचं, वीस रुपयांत काय काय येतं ते सांगायचं: एक वडा, एक पाव, सुकी चटणी, मागितली तर हिरवी, आणि मीठ लावून तळलेली एक मिरची. जादा पाव पाच रुपये. वडा घरी आणून भाजीच्या काट्यावर ठेवला तर सत्तर ग्रॅमच्या आसपास भरला. एवढं सांगितलं की स्वस्त-महाग ज्याचं त्याने ठरवावं.

आता शून्य मार्कांची बाजू. स्वच्छतेवर बोलायचं तर धोका कुठे असतो ते आधी माहीत हवं. उकळत्या तेलातून नुकताच निघालेला वडा हा त्या गाडीवरचा सगळ्यांत निर्धोक पदार्थ. पत्रा गंजलाय, गाडीचं चाक चिखलात आहे, याचा पोटाशी फारसा संबंध नाही. संबंध आहे तो नंतर न शिजणाऱ्या गोष्टींचा: पाण्यात वाटलेली हिरवी चटणी, प्यायचं पाणी, आणि नोट घेतलेल्याच हाताने चिरलेला पाव. मावशींची हिरवी चटणी झाकणाच्या डब्यात, पळी आत. पैसे बहुतेक लोक मोबाइलवरून देतात, त्यामुळे हाताचा प्रश्न निम्मा सुटलाय. पण रोख देणारे नऊ जण आम्ही मोजले आणि त्यांतल्या चौघांच्या वेळी हात न पुसता पाव उचलला गेला. पिंपाला झाकण होतं, पेला मात्र एकच, तोच आत बुडायचा.

आणि कागद. वडा वर्तमानपत्रात बांधून मिळतो. गरम, तेलकट पदार्थाला छपाईची शाई लागते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्येही विक्रेते आणि गिऱ्हाईक दोघांना वर्तमानपत्र वापरू नका असं सांगितलं होतं. मी मावशींना विचारलं तेव्हा त्यांनी सरळ हिशोब मांडला. ‘भाऊ, कोरा कागद किलोवर घ्यावा लागतो. रद्दी गिऱ्हाईकच आणून देतं, आणि वर म्हणतं, मावशी, पेपर आणलाय, चटणी जरा जास्त टाका.’

हे ऐकल्यावर शेरा बदलला. भाच्याचं वाक्य होतं, ‘ही बाई पेपरात वडा देते.’ आता झालं: ‘वडा इथे वर्तमानपत्रात मिळतो. शाई पोटात जाऊ नये म्हणून आम्ही घरून डबा नेला, मावशींनी त्यात वाढून दिलं. रद्दी नेऊन देऊ नका.’ पाण्याचं: ‘पिंपात एकच पेला बुडतो, आम्ही आमची बाटली वापरली.’ हाताचं: ‘आम्ही मोबाइलवरून पैसे दिले, तुम्हीही द्या, म्हणजे पावाला नोटेचा हात लागणार नाही.’ आणखी एक अट मी घातली. ही तीन वाक्यं चालू असताना पडद्यावर मावशींचा चेहरा नको. कागद दाखव, पेला दाखव, पाव दाखव. शब्द कितीही सभ्य असले तरी उणीव ऐकू येताना समोर माणसाचा चेहरा असला की बघणारा उणीव त्या चेहऱ्याला चिकटवतो.

गुरुवारी सकाळी अकराला भाच्याने गाडीपाशी उभं राहून मावशींना स्क्रिप्ट वाचून दाखवली. टाकायच्या आधी त्यांना ऐकवायची, हाही बँकेतला रिवाज. अहवाल पक्का होण्याआधी शाखेला उत्तर द्यायची संधी असते. कागदाला त्या मान हलवत होत्या. पेल्याला म्हणाल्या, ‘लांब दांड्याचा आणते, तो आत बुडवला तरी हात लागत नाही.’ पावाच्या हाताला जरा गप्प झाल्या आणि पदराला हात पुसला. मला वाटलं, निभावलं.

‘आणि मीठ कमी?’ त्या एकदम वळल्या. ‘कोण म्हणतं मीठ कमी?’

भाच्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. कढईतून एक वडा काढला, माझ्या डब्यात ठेवला आणि हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या. मी फोडला, खाल्ला. मीठ बरोबर होतं. अगदी बरोबर.

‘संध्याकाळची भाजी आमचे हे कालवतात,’ मावशी म्हणाल्या. ‘त्यांना बीपी आहे. चाखून बघतात आणि हात आखडता घेतात. लिहा तसं.’

भाच्याने लिहिलं: ‘सकाळच्या घाण्याला मीठ नेमकं, संध्याकाळी किंचित कमी.’ कारण लिहायचं की नाही यावर आमचं परत येताना रिक्षा स्टॉपपर्यंत वाजत होतं. शेवटी नाही लिहिलं.