सोर्सला पास, बायनरीला नापास

क्लायंटने पाठवलेल्या फोल्डरमध्ये आधीच्या सल्लागाराचा रिव्ह्यू रिपोर्ट होता. त्यात `poly_frommsg` या फंक्शनसमोर "कॉन्स्टंट-टाइम: होय", म्हणजे लागणारा वेळ गुप्त माहितीवर अवलंबून नाही, असा शेरा होता. शेरा चुकीचा नव्हता. सोर्स वाचला तर मीही तोच दिला असता. पण त्याच फोल्डरमधल्या रिलीज बायनरीत हे फंक्शन गुप्त संदेशाच्या प्रत्येक बिटवर ब्रँच घेत होतं, म्हणजे बिट पाहून वेगळ्या वाटेने जात होतं. काम संपून बिलही निघालं, तरी ही केस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून काढते आहे.

प्रॉडक्ट म्हणजे इंटेल प्रोसेसरवर चालणारा एक गेटवे. नवीन उपकरण नेटवर्कमध्ये नोंदवताना की ठरवण्यासाठी त्यात एमएल-केईएम ही क्वांटम संगणकांचा धोका लक्षात घेऊन बनवलेली पद्धत वापरली होती. कोड मूळचा कायबरच्या, म्हणजे एमएल-केईएम ज्यातून आलं त्या पद्धतीच्या, संदर्भ अंमलबजावणीचा, कुणीतरी केव्हातरी उचलून आपल्या रेपोत टाकलेला. हे सगळीकडे असंच चालतं. कोड कॉपी होतो, पण मूळ ठिकाणी पुढे काय दुरुस्त झालं हे बघणं कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. वादाचा भाग एवढाच:

```c
mask = -(int16_t)((msg[i] >> j) & 1);
r->coeffs[8*i+j] = mask & ((KYBER_Q+1)/2);
```

संदेशाचा बिट 1 असेल तर मास्कमध्ये सगळे एक, 0 असेल तर सगळे शून्य. त्याचा 1665 शी अँड केला की गुणांक तयार. `if` कुठेच नाही. ज्याने हे लिहिलं त्याला ब्रँच टाळायची होती आणि सोर्समध्ये त्याने ती टाळलीही. पण कंपायलर आणखी एक गोष्ट ओळखतो: इथे उत्तर फक्त दोनच येऊ शकतात, 0 किंवा 1665. मग `-Os` लावून क्लँगला साइज कमी करायला सांगितलं की तो असं काहीतरी लिहितो:

```
xor   eax, eax
bt    ecx, edx
jae   .L1
mov   eax, 1665
.L1:
```

`bt` तो बिट कॅरी फ्लॅगमध्ये आणतो आणि `jae` त्यावरून उडी मारायची की नाही ते ठरवतो. म्हणजे माणसाने काळजीपूर्वक काढलेला `if` कंपायलरने परत घातला. ही गोष्ट नवी नाही. 2024 च्या जूनमध्ये पीक्यूशील्ड या कंपनीच्या अँटून पुर्नाल यांनी नेमकी हीच गळती जाहीर केली. क्लँगच्या 15 ते 18 या आवृत्त्यांत, `-O1` आणि `-Os` सारखे काही पर्याय लावले की ती दिसते. त्यांच्या प्रात्यक्षिकात इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरवर डीकॅप्सुलेशनचा, म्हणजे आलेल्या सायफरटेक्स्टमधून शेअर्ड की काढण्याचा, फक्त एकूण वेळ मोजून एमएल-केईएम-512 ची अख्खी प्रायव्हेट की पाच ते दहा मिनिटांत निघत होती. संदर्भ कोड तेव्हाच दुरुस्त झाला. आमच्या क्लायंटची प्रत त्याआधीची.

ही ब्रँच शोधायची पद्धत मला मनापासून आवडते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. ॲडम लँगली यांनी 2010 मध्ये दाखवलेली युक्ती अशी: गुप्त बाइट्स व्हालग्रिंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या टूलला "हे अनइनिशिअलाइज्ड आहेत" म्हणून सांगायचे. मग त्या बाइट्सपासून निघालेल्या कुठल्याही मूल्यावर ब्रँच घेतली, किंवा ते मूल्य पत्ता म्हणून वापरलं, की व्हालग्रिंड तक्रार करतो. ब्रँचसाठी ती नेहमीचीच: `Conditional jump or move depends on uninitialised value(s)`. वेळ मोजायला नको, गोंगाट नको, मशीन शांत ठेवायला नको. मात्र गुप्त म्हणून नेमकं काय सांगायचं ते कळायला हवं.

इथेच क्लायंटच्या टीमचा घोटाळा झाला होता. त्यांनी ही चाचणी केली होती! पण प्रायव्हेट कीचा पूर्ण ॲरे गुप्त म्हणून लावला होता. एमएल-केईएम-512 मध्ये हा ॲरे 1632 बाइट्सचा असतो. पैकी पहिले 768 खरे गुप्त. त्यानंतर 800 बाइट्सची पब्लिक कीचीच प्रत, मग तिचा 32 बाइट्सचा हॅश आणि शेवटी 32 बाइट्सचं `z`, तेही गुप्त. डीकॅप्सुलेशन करताना पब्लिक कीमधल्या बियाण्यापासून मॅट्रिक्स पुन्हा तयार होतं. त्यातलं `rej_uniform` फंक्शन क्यू, म्हणजे 3329, किंवा त्याहून मोठे आकडे टाकून देतं, म्हणजे ब्रँच घेतं, आणि ते पूर्णपणे योग्य आहे कारण तो माल जाहीरच आहे. पण सगळा ॲरे गुप्त म्हटल्यावर व्हालग्रिंडने तिथे तक्रारींचा पाऊस पाडला. टीमने चारदोन तपासल्या, त्या खोट्या निघाल्या, आणि "टूल फॉल्स पॉझिटिव्ह देतं" असं विकीवर लिहून चाचणी बंद केली. वर ती चाललीही होती `-O0` च्या डीबग बिल्डवर, जिथे ही ब्रँच नसतेच.

मी पहिले 768 आणि शेवटचे 32 बाइट्स तेवढे गुप्त केले, बाहेर येणारी शेअर्ड की छापण्याआधी पुन्हा "ठीक आहे" म्हणून जाहीर केली, आणि रिलीजचेच फ्लॅग ठेवून फक्त `-g` वाढवला, म्हणजे ओळ क्रमांक दिसावेत. पाऊस थांबला. एकच जागा उरली: `poly_frommsg`.

या चाचणीची मर्यादाही सांगायला हवी. तिला ब्रँच आणि पत्ते कळतात, भागाकाराला लागणारा वेळ कळत नाही. कायबरस्लॅश नावाने गाजलेली गळती भागाकाराचीच होती. गुप्त आकड्याला 3329 ने भागताना कंपायलरने खरी भागाकाराची सूचना वापरली, तर तिचा वेळ आकड्यावर अवलंबून असू शकतो, आणि व्हालग्रिंड त्यावर चकार शब्द काढत नाही. म्हणून `objdump` च्या आउटपुटमध्ये `div` आणि `idiv` वेगळे शोधले. या बायनरीत कंपायलरने त्यांच्याऐवजी गुणाकार वापरला होता. सोर्समध्ये भागाकार तसाच होता, तेव्हा हे श्रेय टीमचं नाही.

मग मीटिंग. त्यांचे आर्किटेक्ट शांत, अनुभवी गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, एक जंप म्हणजे दोन-चार सायकल. नेटवर्कवरून ते कोण मोजणार?"

प्रश्न रास्त होता, पण त्यात दोन गृहीतकं लपलेली होती. पहिलं, किंमत जंपची असते. खरी किंमत चुकलेल्या अंदाजाची असते. ब्रँच प्रेडिक्टरचा अंदाज चुकला की आजच्या इंटेल प्रोसेसरवर साधारण पंधरा-वीस सायकल वाया जातात. एका संदेशात 256 बिट असतात. सगळे शून्य असतील तर अंदाज जवळजवळ कधीच चुकत नाही. बिट रँडम असतील तर निम्म्या वेळा चुकू शकतो. मी `dudect` ला हेच दोन वर्ग दिले, एकात शून्य संदेश, दुसऱ्यात रँडम. हे टूल दोन्ही वर्गांच्या वेळा वेल्चच्या टी-चाचणीने ताडून बघतं. टी 10 च्या वर गेला की ते संशय दाखवतं, 500 च्या वर गेला की खात्रीने नापास करतं. सोर्समध्ये त्या दुसऱ्या उंबरठ्याच्या नावात चक्क `bananas` आहे. आमचा आकडा तोही ओलांडून गेला.

दुसरं गृहीतक, संदेश गुप्त आहे म्हणजे तो हल्लेखोराच्या हातात नाही. डीकॅप्सुलेशनमध्ये आलेला सायफरटेक्स्ट उलगडून संदेश काढतात, तो पुन्हा एन्क्रिप्ट करतात आणि मूळ सायफरटेक्स्टशी जुळतो का ते पाहतात. जुळला नाही तर एक रँडम दिसणारी की परत जाते, त्यामुळे हल्लेखोराला उत्तरातून काहीच कळत नाही. पण पुन्हा एन्क्रिप्ट करायचं काम तोवर होऊन गेलेलं असतं, आणि त्याच्या सुरुवातीलाच `poly_frommsg` येतं. हल्लेखोर असा सायफरटेक्स्ट बनवतो की उलगडल्यावर संदेशाचे बाकीचे बिट शून्य येतात आणि एक बिट प्रायव्हेट कीच्या एका ठरावीक गुणांकावर अवलंबून राहतो: गुणांक अमुकपेक्षा मोठा असेल तर 1, नाहीतर 0. 512 च्या प्रकारात प्रत्येक गुणांक उणे 3 ते 3 यांच्यातलाच असतो, आणि असे गुणांक 512. तीनेक प्रश्नांत एकेक गुणांक पक्का होतो. एका प्रश्नाचं उत्तर गोंगाटात बुडेल, हे खरं. पण डीकॅप्सुलेशन ठरल्याप्रमाणेच चालतं, तोच सायफरटेक्स्ट हजारो वेळा पाठवून सरासरी काढता येते. "नेटवर्कवरून कोण मोजणार" याचं उत्तर तर ब्रमली आणि बोनेह यांनी 2003 मध्येच दिलंय, स्थानिक नेटवर्कवरून ओपनएसएसएलची आरएसए की काढून.

आर्किटेक्टांचा पुढचा मुद्दा जास्त वजनाचा होता: "टीएलएसमध्ये तर प्रत्येक कनेक्शनला नवी की असते." बरोबर. तिथे एका कीवर एकच डीकॅप्सुलेशन होतं, हजारो प्रश्न विचारता येत नाहीत, आणि हा हल्ला लागू पडत नाही. म्हणून मी त्यांना त्यांचाच डिझाइन डॉक्युमेंट उघडायला सांगितला. उपकरण नोंदणीसाठी गेटवेची की एकदा कारखान्यात घालतात, ती वर्षानुवर्षं तीच राहते, आणि नोंदणीचा पोर्ट कुणाच्याही सायफरटेक्स्टला उत्तर देतो. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "रेट लिमिट नाहीये का इथे?" नव्हतं. असलं असतं तरी काम फक्त हळू झालं असतं.

दुरुस्ती सोपी वाटते. मूळ प्रकल्पाने ही निवड `cmov_int16` नावाच्या फंक्शनमध्ये नेऊन वेगळ्या `.c` फाइलमध्ये ठेवली, म्हणजे कंपायलरला दोन्ही बाजू एकत्र दिसत नाहीत. पण क्लायंटने पुढच्या रिलीजला `-flto` लावायचं ठरवलं होतं, आणि लिंक करताना सगळं एकत्र आलं की फाइलची ही भिंत उरत नाही. म्हणून मास्कवर एक रिकामा असेंब्ली अडथळाही घातला:

```c
__asm__("" : "+r"(mask));
```

ही ओळ एकही सूचना तयार करत नाही. ती कंपायलरला एवढंच सांगते की या मूल्याबद्दल तुला काही माहीत नाही. गंमत म्हणजे मूळ कोडच्या `cmov` मध्ये असाच अडथळा आहे, आणि शेजारच्या टिपणीत लेखकांनी म्हटलंय की फाइल्स वेगळ्या असतील तर याची गरज नाही, पण लोक हा कोड कॉपी करून आपापल्या पद्धतीने बिल्ड करतील असं आम्ही धरून चालतो. फार अनुभवी माणसाची टिपणी आहे ती.

दुरुस्त बिल्डवर, `-flto` लावूनसुद्धा, व्हालग्रिंड गप्प आणि `dudect` चा आकडा खाली. चाचणी आता सीआयमध्ये रिलीजच्याच फ्लॅग्जनी चालते आणि कंपायलरची आवृत्ती पिन केली आहे. तिकीट मात्र त्यांनी "कंपायलर बग" म्हणून बंद केलं. ते काही पटलं नाही. सीचं स्टँडर्ड वेळेबद्दल अवाक्षर काढत नाही. क्लँगने उत्तर बरोबर दिलं, साइजही कमी केली. त्याच्याकडून आणखी काही मागितलंच नव्हतं.

आणि त्याच बायनरीत, त्याच `-Os` ने बिल्ड केलेली डिजिटल सह्यांसाठी त्यांची स्वतःची एक ईसीडीएसए लायब्ररीही आहे. तिच्याही सोर्स रिव्ह्यूमध्ये "होय" लिहिलेलं आहे. ती आमच्या स्कोपमध्ये नव्हती. रिपोर्टच्या शेवटी तिच्याबद्दल एक परिच्छेद घातलाय. अजून कुणाचा फोन आलेला नाही.