आयजेपीचा अर्ज भरण्याआधीचे नऊ महिने

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी लाइन क्वालिटीला होतो आणि मला परचेसच्या हाताखालच्या पुरवठादार विकास खात्यात जायचं होतं. अशी जागा निघाली की आमच्याकडे एचआर आयजेपी लावतं, म्हणजे अंतर्गत भरती. कागदावर अटी तीनच: सध्याच्या जागेवर १८ महिने पूर्ण, मागचं रेटिंग बरं, आणि आपल्या साहेबांची सही. पण मुलाखतीला बसणाऱ्या तिघांपैकी दोघे दुसऱ्या खात्यांचे असतात. त्यांना मी ठाऊक होतो तो फक्त लाइन थांबवणारा म्हणून. ती ओळख बदलायला किती आणि कोणतं काम लागलं, ते इथे लिहितो आहे.

सगळ्यात आधी स्वतःच्या साहेबांशी बोललो. हे मागे ठेवू नये. दुसऱ्या खात्यात तुमचं येणं-जाणं वाढलेलं त्यांना तिसऱ्याकडून कळलं, तर पुढे सहीच अडते. जुलैमध्ये मी त्यांना सरळ सांगितलं, "सर, वर्षभरात पुरवठादार विकासला अर्ज करायचा विचार आहे. तोवर लाइनचं काम ढिलं पडू देणार नाही. खात्याबाहेरचं एक काम आठवड्याला तीन तास करू का?" ते म्हणाले, "कर, पण दर महिन्याला मला आधी दाखव." पुढचं सगळं त्या एका वाक्यावर उभं राहिलं.

कामाची निवड विचारपूर्वक केली. स्नेहसंमेलन, सुरक्षा सप्ताह, रांगोळी समिती यांत चेहरा दिसतो, पण तुम्हाला काय येतं ते कोणाला कळत नाही. मला असा प्रश्न हवा होता जो तीन-चार खात्यांच्या मधे अडकलाय आणि म्हणून कोणाचाच नाही. तो आमच्या स्टोअरच्या मागेच होता: लाल पट्ट्यांच्या आत साठलेला नाकारलेला माल. जागा भरलेली, पुरवठादाराचे पैसे लटकलेले आणि दर ऑडिटला त्यावर शेरा.

दोन शनिवार दुपारी स्टोअरच्या इनचार्जबरोबर उभं राहून मोजणी केली. एकूण ६१ लॉट निघाले. प्रत्येकापुढे चारच गोष्टी लिहिल्या: जीआरएन म्हणजे माल आवकेच्या नोंदीचा नंबर, आवक तारीख, नाकारण्याचं कारण आणि सध्या कोणाकडे अडलंय. १९ लॉटचा निर्णयच झाला नव्हता. डिझाइनची मंजुरी घेऊन आहे तसा वापरायचा की परत पाठवायचा, हे ठरायचं होतं. ११ लॉट पुरवठादाराने मान्य केले होते, पण न्यायला गाडी आली नव्हती. ७ लॉटची डेबिट नोट अकाउंट्सकडे होती. उरलेल्या २४ लॉटच्या रिजेक्शन नोटवर जीआरएन नंबरच नव्हता, त्यामुळे परचेसला तो माल कोणत्या बिलाचा हे सांगताच येत नव्हतं.

ते २४ आमच्या क्वालिटीचेच होते. लाइनवर खोकं फोडलं की आवकेचं लेबल फाटतं आणि मग इन्स्पेक्टर नंबराशिवाय नोट भरतो. मी हे आधी साहेबांना दाखवलं आणि मांडणीत आमचाच दोष पहिल्या ओळीत ठेवण्याची परवानगी घेतली. उपाय साधा होता: लेबलचा खालचा भाग फाडून ट्रॉलीच्या खिशात ठेवायचा, आणि नंबर नसेल तर स्टोअरने नोट घ्यायचीच नाही. सहा आठवड्यांत २४ चे ५ झाले. त्यानंतर बाकीची खाती ऐकायला तयार झाली. दुसऱ्याच्या दारात त्याचीच चूक घेऊन गेलो असतो, तर पहिल्याच दिवशी दार बंद झालं असतं.

तरी एक चूक झालीच. ऑगस्टमध्ये मी पूर्ण तक्ता सगळ्या एचओडींना सीसी करून मेल केला. परचेसच्या प्रमुखांना ती तक्रार वाटली आणि आठवडाभर कोणाचंच उत्तर आलं नाही. सीसीत जितकी मोठी माणसं, तितका समोरचा बचावाला उभा राहतो. पुढे मी पद्धत बदलली. ज्याच्याकडे अडलंय त्यालाच, त्याच्यापुरते दोन-तीन लॉट, आणि शक्यतो मेलऐवजी जागेवर जाऊन. गुरुवारी सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगनंतर स्टोअरमध्येच पंधरा मिनिटं उभ्याने भेटायचं ठरलं. महिन्याचा एक पानी आढावा मात्र साहेबांच्याच नावाने वर जायचा, आणि त्यात प्रत्येक खात्याने काय सोडवलं ते त्यांच्या माणसाच्या नावानिशी लिहायचो. माझं नाव तळाला, 'संकलन' म्हणून. तेवढं पुरतं, कारण शंका आली की फोन संकलन करणाऱ्यालाच येतो.

अकाउंट्सशी नातं जुळलं ते एका तारखेमुळे. तिथल्या मॅडमनी समजावलं की मागच्या आर्थिक वर्षातल्या मालावर पुरवठादाराला क्रेडिट नोटने जीएसटी कमी करून घ्यायचा असेल, तर त्या वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरलं तर तोवरच, ते दाखवता येतं. मी यादी लॉटच्या आकाराऐवजी आर्थिक वर्षाने लावली. मागच्या वर्षाचे १४ लॉट वर आले आणि ते आधी काढले. डिसेंबरअखेर ६१ चे १८ उरले.

दुसरा रस्ता अंतर्गत ऑडिटरचा. आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यात अंतर्गत ऑडिट करावंच लागतं, आणि स्वतःच्या कामाचं ऑडिट स्वतः करता येत नाही. म्हणजे क्वालिटीच्या माणसाला परचेस किंवा मेंटेनन्सच्या टेबलावर बसून त्यांचं काम समजून घ्यायची रीतसर संधी मिळते. प्रशिक्षण घेऊन मी परचेसचं ऑडिट मागून घेतलं. पुरवठादार निवड आणि गुणांकनाच्या फायली मी तिथेच पहिल्यांदा नीट वाचल्या, आणि मुलाखतीत त्याच कामाला आल्या. इथे एक पथ्य पाळलं: त्रुटी लिहिण्याआधी त्या माणसाला तोंडी सांगायची. अहवालात ती पहिल्यांदा दिसली, की नाव होतं पण वाईट अर्थाने.

जानेवारीपासून नवं काही हाती घेतलं नाही. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये एचओडी एकत्र बसून रेटिंगची बरोबरी करतात. वरच्या रेटिंगच्या जागा मोजक्या, त्यामुळे तिथे आपल्या साहेबांचा एकट्याचा आवाज अपुरा पडतो. दुसरं कोणी 'हो, त्याच्यामुळे स्टोअरची मागची जागा मोकळी झाली' असं एक वाक्य बोललं तर वजन पडतं. ते वाक्य कोण बोलू शकेल, हे मी आधी पडताळलं. स्टोअर, परचेस आणि अकाउंट्समध्ये प्रत्येकी दहा मिनिटं मागितली आणि विचारलं, "या कामात अजून काय राहिलंय?" माझ्याविषयी मत विचारलं नाही. उत्तर नेमकं आलं तर काम त्यांच्या लक्षात आहे. नुसतं 'चांगलं चाललंय' आलं, तर ओळख अजून वरवरची आहे. अकाउंट्स आणि स्टोअरकडून नेमकं आलं. डिझाइनकडे मी पोहोचलोच नव्हतो, आणि १८ मधले १२ लॉट त्यांच्याच निर्णयासाठी अडलेले होते.

एप्रिलमध्ये आयजेपी लागली. अर्जातल्या 'इतर खात्यांबरोबरचं काम' या रकान्यात सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा आणि कोणत्या खात्यात कोणाला विचारता येईल, एवढंच लिहिलं. मुलाखतीत परचेसच्या प्रमुखांनी त्या १२ लॉटबद्दलच विचारलं. ते का सुटले नाहीत ते मी सांगितलं.

निवड झाली, तरी सुटका लगेच होत नाही. जुनं खातं बदली माणूस मिळेपर्यंत धरून ठेवतं. आमच्याकडे नियमाने ९० दिवसांपर्यंत. इथे ते खात्याबाहेरचं काम उलटू शकतं, कारण 'लाल जागेचं कोण बघणार?' हा प्रश्न येतो. मी फेब्रुवारीपासूनच गुरुवारची भेट एका ज्युनियर सहकाऱ्याकडे सोपवली होती आणि तक्ता कसा भरायचा ते दोन पानांत लिहून दिलं होतं. मला ४० दिवसांत सोडलं. गुरुवारची भेट अजून चालते. आता मी तिथे परचेसच्या बाजूने उभा असतो.