चौऱ्याऐंशी हजारांची बाई

आमच्या ऑफिसात कुणी निवृत्त झालं की वर्गणी निघते, प्रत्येकी दोनशे रुपये. यंदा गोळा करणाऱ्या मुलाने माझ्या दोनशेंकडे बघून हात मागे घेतला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडून पाचशे हवेत. चौऱ्याऐंशी हजारांत तीनशे जास्त काय!"

चौऱ्याऐंशी हजार. एवढा पगार मला कधीच नव्हता, आजही नाही. पण आकडा ओळखीचा होता.

आमची पगारवाढ एप्रिलपासून लागू होते आणि पत्र जुलैत हातात पडतं. यंदा वाढ झाली ५,२०० रुपयांची. म्हणून जुलैच्या स्लिपमध्ये वाढ धरून झालेल्या ६८,४०० रुपयांबरोबर एप्रिल, मे आणि जूनचा फरक एकदम आला, १५,६००. बेरीज बरोबर ८४,०००. हा आकडा माझ्या आयुष्यात एकाच कागदावर छापला गेलाय. त्यातून भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर आणि पतपेढीचा हप्ता वजा होऊन हातात जे उरतं ते खाली, बारीक अक्षरांत. कुणाच्या तोंडी बसतो तो वरचाच आकडा.

त्या स्लिपच्या प्रती मी दोनच काढल्या होत्या. एक बँकेत दिली. दुसरी पतपेढीच्या कर्जाच्या अर्जाला जोडली आणि तो अर्ज जामीनदाराच्या सहीसाठी एक दिवस ताईंच्या टेबलावर राहिला. त्यामुळे बातमीचा उगम शोधायला मला काही करावंच लागलं नाही. खरा पगार फुटला असता तर दहा जणांवर संशय गेला असता. चुकीच्या आकड्याने थेट टेबल दाखवलं.

अर्जात आणखी एक रकाना असतो, 'कर्जाचे कारण'. मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं: मुलाची प्रवेश फी, पतीची नोकरी सुटल्यामुळे. तेही पगाराच्या पाठोपाठ फिरत होतं. "चौऱ्याऐंशी हजार घेते आणि तरी कर्ज? नवरा घरी बसलाय ना तिचा." कंपनी बंद पडली म्हणून नोकरी गेलेला माणूस आणि घरी बसलेला माणूस यांत केवढा फरक आहे, हे प्रत्येकाला गाठून कसं सांगणार?

बोलायचं तर होतं, पण अडचण अशी की ताई माझ्या जामीनदार. हप्ते थकले तर पतपेढी वसुलीसाठी त्यांच्याकडे येणार, त्यांच्या पगाराला हात लावणार. आमच्याकडे असं एकदा घडलंय. कर्ज घेणारा गाव सोडून गेला आणि जामीनदार बिचारा वर्षभर दुसऱ्याच्या मोटारसायकलचे हप्ते भरत राहिला. तेव्हा हिची मिळकत किती, कर्ज कशासाठी, हे बघायचा ताईंना पुरेपूर हक्क होता. मी त्यांच्या जागी असते तर मीही स्लिप नीट वाचली असती. हक्क बघण्याचा होता, वाटण्याचा नव्हता. पण जिने माझ्यासाठी आपला पगार टांगणीला लावला तिला 'तुम्ही हे बोलायला नको होतं' असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

म्हणून मी आधी भित्रा मार्ग धरला, टोमण्याचा. जेवणाच्या टेबलावर डबा उघडता उघडता म्हटलं, "हल्ली लोकांना दुसऱ्याच्या पगाराची फारच उठाठेव." ताईंनी भाजीचा डबा माझ्याकडे सरकवत जोरात मान हलवली. "अगदी खरं गं! आपल्या इथले काही जण ना, अगदी पोटात काही राहत नाही त्यांच्या." आणि पुढची दहा मिनिटं त्या अशा लोकांवर इतक्या तळमळीने बोलल्या की मलाच 'जाऊ द्या हो ताई' म्हणायची वेळ आली. टोमणा ज्याला लागायचा त्याला सोडून बाकी सगळ्यांना लागतो. त्या दुपारी टेबलावरच्या दोघी तिघी माझ्याशी तुटक वागल्या.

दुसऱ्या दिवशी सुटताना त्यांना जिन्यात थांबवलं. मेसेज मुद्दामच टाकला नाही. अशी गोष्ट लेखी गेली की तिचाही कागद होतो, आणि कागदाचं काय होतं ते मी नुकतंच पाहिलं होतं.

"ताई, माझ्या अर्जातला पगार आणि ह्यांच्या नोकरीचं, तुमच्याकडून बाहेर गेलंय. मला ते आवडलं नाही. इथून पुढे नका सांगू कुणाला."

एवढंच. रात्री अंथरुणावर मी सात आठ वाक्यं तयार केली होती. त्यातली कारणं आणि 'गैरसमज नको' वगैरे सगळं ऐन वेळी गळून पडलं, ते बरंच झालं.

"कोण म्हणालं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नाव सांगितलं असतं तर पुढचं सगळं बोलणं त्या मुलाबद्दल झालं असतं. "ते राहू दे," म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "अगं, मी तर कौतुकानेच सांगितलं! एवढा पगार घेते, घर एकटी ओढते..." त्यांचा चेहरा उतरला होता आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. कौतुकात वाईटपणा नसतो, म्हणून तर ते अडवायला अवघड.

"मग आता सगळ्यांना सांगू का, की ते तीन महिन्यांच्या फरकाचे होते म्हणून?"

"नको हो!" मी जवळजवळ ओरडलेच. म्हणजे खरा पगारही गावभर.

मला पगार लपवायची फार हौस आहे असं नाही. समान कामाला बाईला पुरुषाइतकाच पगार द्यावा हा कायदा १९७६ साली झाला, पण शेजारच्या टेबलाला किती मिळतं हे कळलंच नाही तर तो मागायचा कशाच्या आधारावर? गुप्ततेचा फायदा बहुतेक मालकालाच होतो. माझ्याच हुद्द्यावरच्या एकीला मी माझा आकडा स्वतः सांगितलाय आणि तिचा विचारलाय. पण तो मी सांगितला होता. तिला, फरक वगळून.

जिन्यात थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग ताईंनी एकदम विचारलं, "माझीही स्लिप होती की त्या अर्जाला."

होती. जामीनदाराचीही लागतेच. ताईंचा पगार, त्यातून कापले जाणारे दोन हप्ते, सगळं मी पाहिलं होतं.

"तू कुणाला...?"

"नाही."

त्या "बरं" म्हणाल्या आणि पर्सची चेन उगाच दोनदा लावली.

पतपेढीत जाऊन मी एवढंच विचारलं, की कारणाच्या रकान्यात नुसतं 'शैक्षणिक' लिहिलं तर चालतं का. कारकून म्हणाला, "चालतं की. एवढी कहाणी लिहायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

पंधरा दिवस ताई माझ्याशी जपून बोलत होत्या, डबा मात्र रोज सरकवत होत्या. मग एके संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये, मी डोळे मिटून बसलेली, पुढच्या सीटवर कुणीतरी त्यांना हळूच विचारलं, "तिच्या मिस्टरांचं लागलं का कुठे?"

"तिलाच विचार की," ताई अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मागेच बसलीय. झोपेचं सोंग घेऊन."