खलाशांची झोप आणि नैराश्याचे गुण

मी रत्नागिरीत संख्याशास्त्र शिकवते. आसपासचे संशोधक पेपर पाठवण्याआधी आकडेमोड तपासायला माझ्याकडे येतात. अशाच एका पेपरचा निष्कर्ष वाचून मी अस्वस्थ झाले. मासेमारी बोटींवरचे खलाशी आंब्याच्या बागांत काम करणाऱ्या गड्यांपेक्षा जास्त नैराश्यग्रस्त आहेत, असं त्यात ठामपणे लिहिलं होतं. पुरावा होता पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीच्या सरासरीतला फरक, दोन गुणांहून जरासा जास्त. या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली की त्या माणसाची पुढची तपासणी करावी, असा प्रघात आहे. असा निष्कर्ष एकदा छापून आला की अख्ख्या बंदरावर शिक्का बसतो.

प्रश्नावली दोन्ही गटांत सारखंच मोजते कशावरून, असं मी विचारलं. "मॅडम, दोन्हीकडे अल्फा ०.८ च्या वर आहे," पेपर लिहिणारी मुलगी म्हणाली. हे उत्तर मी फार वेळा ऐकते. मी तिची फाइल उघडली आणि खलाशांच्या झोपेच्या रकान्यात सरसकट १ मिळवला. सरासरी लगेच एका गुणाने वर गेली, अल्फा मात्र दशांशानेही हलला नाही. प्रश्न एकमेकांशी किती जुळून चालतात एवढंच अल्फा सांगतो. एखादा प्रश्न एका गटाला फुकटचे गुण देत असेल तर ते त्याला दिसतच नाही.

मग आम्ही मूळ आकड्यांकडे वळलो. झोप आणि थकवा हे दोन प्रश्न बाजूला ठेवले आणि उरलेल्या सात प्रश्नांची बेरीज सारखी असलेली माणसं दोन्ही गटांतून वेगळी काढली. म्हणजे उदासी, निराशा, स्वतःबद्दलची अपराधी भावना वगैरेंत ही माणसं जवळपास बरोबरीची. बेरीज ४ असलेल्यांत बागेतल्या गड्यांनी झोपेच्या प्रश्नाला बहुतेक ० किंवा १ दिला होता, खलाशांनी २ नाहीतर ३. ५ वाल्यांत तेच, ६ वाल्यांतही तेच. एका फॉर्मच्या कडेला मुलाखत घेणाऱ्याने खलाशाचे शब्द पेन्सिलीने टिपले होते: "रात्री निजलो तर जाळं कोण ओढणार?" त्या प्रश्नाचे त्याला पूर्ण ३ गुण पडले होते.

रीतसर तपासणीचे टप्पे असे. आधी पाहायचं की नऊ प्रश्नांची मांडणी दोन्ही गटांत एकसारखी बसते का. मग प्रत्येक प्रश्नाचं नैराश्याशी असलेलं नातं, म्हणजे लोडिंग, दोन्हीकडे समान धरायचं. शेवटी थ्रेशोल्ड समान धरायचे. नैराश्य किती वाढल्यावर माणूस 'अजिबात नाही' सोडून 'काही दिवस' वर जातो, ती पातळी म्हणजे थ्रेशोल्ड. सरासरींची तुलना या शेवटच्या पायरीवर उभी असते. पहिल्या दोन पायऱ्या निभावल्या. तिसरीवर सीएफआय, म्हणजे मॉडेल आकड्यांशी किती जुळतं ते सांगणारा निर्देशांक, ०.०१ पेक्षा बराच जास्त घसरला. एवढी घसरण झाली की थांबून पाहायचं, असा सर्वसाधारण दंडक आहे. कोणती बंधनं मॉडेलला जड जाताहेत ते तपासलं, तर झोप आणि थकवा हेच दोन प्रश्न पुढे आले. त्यांचे थ्रेशोल्ड प्रत्येक गटाला स्वतंत्र ठेवले, बाकी सातांचे समान राखले आणि नैराश्याची सरासरी पुन्हा काढली. उरलेला फरक इतका लहान होता की त्यावरून काहीच ठामपणे म्हणता येईना.

"म्हणजे त्यांचा त्रास खोटा?" तिने विचारलं. ती बंदराजवळच वाढलेली, तिला हे लागणं साहजिक होतं. त्रास खराच आहे. रात्रीच्या रात्री जागणं शरीराला घातक असतं आणि त्यावर वेगळा पेपर लिहायला हवा. पण बोटीवरच्या पाळीमुळे तुटलेली झोप नैराश्याच्या खात्यात टाकली, तर खलाशाला समुपदेशन सुचवलं जाईल आणि पाळी आहे तशीच राहील.

मी तिला या तपासणीची मर्यादाही सांगितली, कारण तीच सहसा लपते. सगळेच प्रश्न एका गटात सारख्याच प्रमाणात खाली सरकले असतील, तर मॉडेल त्याला खरा फरक समजतं. बागेतल्या गड्यांनी मालकाच्या अंगणात बसून उत्तरं दिली होती. तिथे कोणी मन मोकळं केलं नसेल, तर नऊच्या नऊ उत्तरं दबलेली असणार आणि आमच्या कोणत्याच टप्प्यावर ते कळलं नसतं. ते ओळखायला प्रश्नावलीबाहेरचं माप लागतं. दोन्ही गटांतल्या काही जणांची मानसोपचारतज्ज्ञाकडून, मालकापासून दूर, सविस्तर मुलाखत घ्यायची आणि समान निदान झालेल्यांचे गुण शेजारी ठेवायचे. तिने निष्कर्षाचं वाक्य खोडलं, दोन्ही विश्लेषणं पेपरात शेजारीशेजारी मांडली आणि त्या मुलाखतींसाठी परवानगीचा अर्ज लिहायला घेतला.