आमची वाटचाल: रेझिस्टरवर पास, कन्व्हर्टरवर नापास

आमचा उद्योग छोटा आहे. यंत्रांच्या कंट्रोल बोर्डांना लागणारे डीसी-टू-डीसी पुरवठे आणि त्यांच्या तोंडाशी बसणारे इनपुट फिल्टर आम्ही बनवतो. सुरुवातीला फिल्टर म्हणजे एक इंडक्टर आणि एक कॅपॅसिटर, रिपल किती दाबला जातो एवढं पाहायचं आणि पुढे जायचं, अशी पद्धत होती. आज कोणताही फिल्टर त्याचे पोल आणि झिरो कागदावर मांडल्याशिवाय बोर्डावर जात नाही. ही पद्धत कशी बसत गेली ते एकाच फिल्टरच्या आधाराने सांगतो, कारण जे शिकायचं होतं ते सगळं त्या एका फिल्टरमध्ये होतं.

फिल्टर असा: इंडक्टर १० मायक्रोहेन्री, त्याच्या तारेचा रोध ०.०५ ओहम, कॅपॅसिटर १० मायक्रोफॅरड सिरॅमिक. इनपुट १२ व्होल्ट, पुढचा कन्व्हर्टर २४ वॅट ओढणारा, म्हणजे २ अँपिअर. लोडला R धरलं तर इनपुट व्होल्टेजपासून कॅपॅसिटरवरच्या व्होल्टेजपर्यंतचं ट्रान्सफर फंक्शन असं येतं:

`H(s) = 1 / (LC·s² + (L/R + rC)·s + 1 + r/R)`

छेद शून्य करणाऱ्या s च्या किमती म्हणजे पोल, अंश शून्य करणाऱ्या म्हणजे झिरो. इथे अंशात फक्त १ आहे, म्हणून झिरो नाहीत आणि पोल दोन आहेत.

लोड लावलेलाच नाही असं आधी धरू. पोलचा वास्तव भाग −२५०० येतो आणि काल्पनिक भाग ± जवळपास १ लाख. एवढ्या दोन आकड्यांत सर्किटचा स्वभाव आला. काल्पनिक भाग सांगतो की सर्किट स्वतःच्या मर्जीने सेकंदाला १ लाख रेडियन, म्हणजे सुमारे १५.९ किलोहर्ट्झने डोलणार. वास्तव भाग सांगतो की हे डोलणं ०.४ मिलिसेकंदाच्या कालांकाने विरणार. एक हेलकावा ६३ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे दर हेलकाव्याला उंची जेमतेम १४ ते १५ टक्के उतरते. पूर्ण निवायला २५ हेलकावे लागतात. कन्व्हर्टर बंद असताना १२ व्होल्टची तार खटकन जोडली, तर कॅपॅसिटरवर क्षणभर २३ व्होल्ट दिसतात. सिरॅमिकची धारिता व्होल्टेज चढताना घटते, त्यामुळे प्रत्यक्षात शिखर याहूनही वर जाऊ शकतं. २५ व्होल्टचा कॅपॅसिटर निवडून निश्चिंत बसणाऱ्याने हा आकडा पुन्हा वाचावा.

पोलचा वास्तव भाग ऑसिलोस्कोपवरूनही काढता येतो, आणि ते आम्ही दर वेळी करतो. अंतिम पातळीच्या वरची लागोपाठची दोन शिखरं मोजायची, समजा ११.१ आणि ९.५ व्होल्ट. त्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा आणि हेलकाव्याच्या काळाने भागायचं. इथे २५०० च्या आसपास येतं. हेलकाव्याची वारंवारता मात्र कागदावरच्या आकड्याशी जुळली नाही, तर बहुतेक वेळा दोष सिरॅमिकचा असतो. १२ व्होल्टखाली तो १० मायक्रोफॅरड उरलेलाच नसतो.

आता आमची चूक. फिल्टरची चाचणी आम्ही ६ ओहमचा पॉवर रेझिस्टर लावून घेत होतो. हिशेब बरोबरच वाटत होता: १२ व्होल्टला ६ ओहम, २ अँपिअर, २४ वॅट. रेझिस्टर लावला की वास्तव भाग −२५०० वरून −१०,८०० वर जातो, डोलणं चारपट वेगाने मरतं आणि पडद्यावर चित्र बरं दिसतं. तोच फिल्टर कन्व्हर्टरला जोडला की इनपुटवर १६ किलोहर्ट्झची मोठी लाट उभी राहायची आणि कन्व्हर्टर मधेच कमी व्होल्टेजच्या संरक्षणात जाऊन बंद पडायचा.

कन्व्हर्टर म्हणजे रेझिस्टर नव्हे. आउटपुट धरून ठेवायचं असल्यामुळे तो ठरलेले वॅट ओढतो. इनपुट वाढलं की प्रवाह कमी करतो, घटलं की वाढवतो. छोट्या बदलांपुरता तो ऋण रोध असतो, त्याची किंमत `R = −V²/P`, म्हणजे इथे −६ ओहम. तोच ६, फक्त चिन्ह उलटं. सूत्रात तो घातला की s च्या गुणकात रेझिस्टरने जे भरलं होतं तेच वजा होतं आणि पोलचा वास्तव भाग येतो +५८००. पोल उजव्या बाजूला गेले, म्हणजे हेलकावा विरत नाही, फुगतो. दर हेलकाव्याला सुमारे ४५ टक्क्यांनी, दर १२० मायक्रोसेकंदांना दुप्पट.

```python
import numpy as np
L, C, r = 10e-6, 10e-6, 0.05
for R in (1e9, 6, -6):
    print(R, np.roots([L*C, L/R + r*C, 1 + r/R]))
```

एवढ्या चार ओळी चालवल्या असत्या, तर बोर्ड बनवण्याआधीच कळलं असतं.

पडद्यावर मात्र लाट अनंतापर्यंत फुगताना दिसत नाही. थोड्याच वेळात कन्व्हर्टरच्या ड्युटीची मर्यादा किंवा संरक्षण मधे येतं आणि लाट एका उंचीवर अडकते. म्हणून नवखा माणूस तिला रिपल समजतो आणि आणखी सिरॅमिक लावत बसतो. ओळखायचं असं: लाटेची वारंवारता स्विचिंगच्या वारंवारतेशी जुळत नाही, कॅपॅसिटर बदलला की ती सरकते, लोड कमी केला की नाहीशी होते आणि इनपुट खाली आणलं की बळावते. या फिल्टरची सीमा सरळ काढता येते. ऋण रोधाचा आकडा `L/(rC)` पेक्षा मोठा हवा, म्हणजे २० ओहमच्या वर. १२ व्होल्टला ते होतात ७.२ वॅट. त्याखाली शांत, त्यावर अशांत. शिवाय रोध V² प्रमाणे बदलतो, त्यामुळे चाचणी सगळ्यात कमी इनपुटवर घ्यायची. ९ व्होल्टला हाच लोड −३.४ ओहम होतो आणि पोलचा वास्तव भाग +१२,३०० वर जातो.

एक मर्यादा इथेच सांगून ठेवतो. कन्व्हर्टर ऋण रोधासारखा वागतो तो त्याच्या नियंत्रण लूपच्या आवाक्यापर्यंतच. लूप ३ किलोहर्ट्झवर संपत असेल, तर १६ किलोहर्ट्झला −६ ओहम धरणं म्हणजे वाजवीपेक्षा जास्त घाबरणं. लूप वेगवान असेल तर मात्र वरचा हिशेब तंतोतंत लागू पडतो, आणि आमचे लूप वेगवान असतात.

उपाय जुनाच आहे. कॅपॅसिटरला समांतर एक रेझिस्टर आणि मोठा कॅपॅसिटर यांची एकसर शाखा लावायची. रेझिस्टर साधारण `√(L/C)` एवढा, इथे १ ओहम, आणि कॅपॅसिटर मूळच्या चार-पाच पट, इथे ४७ मायक्रोफॅरड. आता पोल तीन झाले: एक वास्तव −२६,५०० वर आणि एक जोडी, जिचा वास्तव भाग −४१,६०० आणि काल्पनिक ±७९,०००. −६ ओहमचा लोड जोडलेला असतानाच तिन्ही डाव्या बाजूला आहेत. जोडीचा डॅम्पिंग गुणांक ०.४७ च्या जवळ येतो. पाठ्यपुस्तकातलं सूत्र त्यावरून १९ टक्के ओव्हरशूट सांगतं.

इनपुटला १ व्होल्टची पायरी दिली तर प्रत्यक्षात निघतं ३६ टक्के. कारण नव्या शाखेबरोबर एक झिरोही आला, −१/(१ ओहम × ४७ मायक्रोफॅरड) म्हणजे −२१,३०० वर. कोणकोणते स्वर वाजतील ते पोल ठरवतात, प्रत्येक स्वर किती मोठ्याने वाजेल ते झिरो ठरवतो. हा झिरो वास्तव पोलच्या शेजारी आहे, पण त्याला पुसून टाकण्याइतका जवळ नाही. तो मूळबिंदूच्या बाजूला असल्यामुळे पायरीच्या ३० टक्के उंचीचं, ३८ मायक्रोसेकंदांत ओसरणारं शेपूट वरच्या बाजूने जोडलं जातं आणि हेलकाव्याच्या शिखरावर चढून बसतं. ओव्हरशूटचं सूत्र दोन पोल आणि शून्य झिरो यांच्यासाठीच आहे. झिरो दिसला की ते बाजूला ठेवून पूर्ण स्टेप रिस्पॉन्स काढायचा.

झिरोबद्दलची दुसरी गडबड जास्त वेळा होते. याच स्थिर सर्किटमध्ये व्होल्टेजऐवजी इंडक्टरचा प्रवाह आउटपुट म्हणून घेतला, तर छेद तोच राहतो, पोल तेच राहतात, पण एक झिरो +३,३०० वर, उजव्या बाजूला येतो. तो पाहून सर्किट अस्थिर ठरवणं चूक. स्थिरतेचा निकाल फक्त पोल देतात. उजवा झिरो वेगळं सांगतो: प्रवाह आधी उलट्या दिशेने जाईल. इनपुट १२ चं १३ केलं की कॅपॅसिटर भरण्यासाठी प्रवाह प्रथम वाढतो, आणि सगळं निवल्यावर २ अँपिअरच्या खाली, १.८५ वर येऊन बसतो, कारण २४ वॅटला १३ व्होल्टवर तेवढाच लागतो. करंट प्रोब लावला की हे उघड दिसतं.

शेवटचा बदल भागांच्या निवडीत झाला. आधी वेगळा १ ओहम न लावता साध्या ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकचा अंगभूत रोधच, म्हणजे ईएसआर, डॅम्पिंगसाठी वापरत होतो. खोलीच्या तापमानाला तो १ ओहमच्या आसपास होता आणि सगळं ठीक चालत होतं. पण थंडीत हा रोध कित्येक पट वाढतो. तो ५ ओहम झाला असं धरून पोल काढले, तर १२ व्होल्टला वास्तव भाग जेमतेम −४,२०० उरतो आणि ९ व्होल्टला तो पुन्हा उजवीकडे, +२,३०० च्या जवळ जातो. म्हणजे थंड यंत्र आणि पडलेलं व्होल्टेज एकत्र आले की जुनाच आजार उलटतो, आणि टेबलावर तो कधीच पकडता येत नाही. आता तिथे कमी ईएसआरचा ४७ मायक्रोफॅरड पॉलिमर कॅपॅसिटर आणि त्याला एकसर वेगळा १ ओहमचा रेझिस्टर असतो. पॉलिमरचा रोध तापमानाने फारसा हलत नाही. ९ व्होल्टला जोडीचा वास्तव भाग −३५,००० च्या आसपास राहतो. बोर्डाच्या कागदावर हा आकडा लिहिलेला असतो, आणि त्याखाली तो कोणत्या इनपुटला, किती वॅटला आणि मोजलेल्या किती धारितेला काढला तेही.