काचेच्या चिपेचा अपवर्तनांक: आलेखाचा चढ आणि त्यापुढचं ±

रत्नागिरीच्या पावसाळ्यात टाचण्यांचा प्रयोग लावायचा तर आधी कागदाकडे बघावं लागतं. दमट हवेत ड्रॉइंग शीट फुगते, आणि बोर्ड मऊ पडला की टाचणी कलते. म्हणून मी कागद चारही बाजूंनी ताणून बसवतो आणि टाचणी डोक्याकडे न बघता तळाशी, म्हणजे ती कागदात शिरते तिथे, जुळवतो. दोन टाचण्यांमध्ये निदान ८ सेंटिमीटर अंतर ठेवावं. ५ सेंटिमीटरवर अर्धा मिलिमीटर चुकलं तरी दिशा अर्ध्या अंशाहून जास्त फिरते. गंजलेल्या टाचण्या सरळ फेकाव्यात.

चीप ५० मिलिमीटर रुंदीची होती, किरण त्या रुंदीतून आरपार जाईल अशी ठेवली. आपतन कोन i कोनमापकाने आखले, अपवर्तन कोन r निर्गत किरण मागे वाढवून मिळाले आणि अर्ध्या अंशापर्यंत वाचले. i = २०, ३०, ४०, ५०, ६०, ७० अंशांना r अनुक्रमे १३.०, १९.५, २५.०, ३०.५, ३५.०, ३८.५ अंश आले. आडव्या अक्षावर sin r, उभ्यावर sin i घेतलं की चढ हाच अपवर्तनांक. स्प्रेडशीटमध्ये अंशांचं रेडियन करायला विसरू नये. A स्तंभात sin r आणि B मध्ये sin i असेल तर:

```
=SIN(RADIANS(19.5))
=LINEST(B2:B7,A2:A7,TRUE,TRUE)
```

LINEST च्या पहिल्या ओळीत चढ आणि अंतःखंड येतो, दुसऱ्या ओळीत त्यांची अनिश्चितता. इथे चढ १.५०८ ± ०.०१०, अंतःखंड ०.००१ ± ०.००५. रेषा मूळबिंदूतून जायलाच हवी म्हणून पुष्कळजण तिसऱ्या जागी FALSE टाकून तिला तिथे बांधतात. मी बांधत नाही. अंतःखंड मोकळा ठेवला तरच तो काही सांगू शकतो, कसं ते पुढे येईल.

हाच आलेख हाताने काढून सर्वांत तीव्र आणि सर्वांत सपाट रेषा घेतली, तर फरक मोठा दिसतो. r मध्ये अर्धा अंश अनिश्चितता धरली की sin r ची पट्टी १३ अंशांना ±०.००८५ आणि ३८.५ अंशांना ±०.००६८ येते. पहिल्या आणि शेवटच्या पट्ट्यांची विरुद्ध टोकं जोडल्यावर चढ १.५६ आणि १.४५, म्हणजे ±०.०६. हे ०.०१ च्या सहापट. गणित दोन्हीकडे बरोबरच आहे. हाताच्या रेषांनी धरलं की पहिला बिंदू पूर्ण अर्धा अंश एकीकडे आणि शेवटचा पूर्ण अर्धा अंश दुसरीकडे चुकला. LINEST फक्त बिंदू रेषेभोवती प्रत्यक्षात किती विखुरलेत ते मोजतो. नोंदवहीत कोणती पद्धत वापरली ते लिहावंच, नाहीतर ± ला काही अर्थ उरत नाही.

लहान कोनांवर जीव टाकण्यातही फारसा फायदा नाही. एकट्या बिंदूवरून अपवर्तनांक काढला तर r च्या अर्ध्या अंशामुळे २० अंशांना जवळपास ४ टक्के चूक येते, ७० अंशांना १ टक्क्याच्या आसपास. वेळ असेल तर ५५ आणि ६५ अंशांचे बिंदू वाढवावेत.

आता विखुरण्यात दिसतच नाही ती चूक. चिपेची कडा आखताना पेन्सिलचं टोक कडेपासून बाहेर सरकलं, तर बाह्यरेषा दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर बाहेर जाते. कागदावर चीप ५१ मिलिमीटरची होते, आणि आपण आखलेला अपवर्ती किरण खऱ्यापेक्षा जास्त तिरका पडतो. ६० अंशांना r ३५.० ऐवजी सुमारे ३५.८ येतो, ३० अंशांना १९.३ ऐवजी १९.६. दोन्ही बिंदू एकाच दिशेला सरकतात, आणि या दोघांतून जाणाऱ्या रेषेचा चढ १.५१ वरून १.४७ पर्यंत घसरतो. बिंदू मात्र रेषेवर अगदी शिस्तीत बसतात, ±०.०१ तसंच राहतं. म्हणजे उत्तर चार अनिश्चितता दूर, आणि आलेख बघणाऱ्याला शंकाही येत नाही.

खूण सापडते ती अंतःखंडात. या चुकीने तो ०.०१ च्या जवळ, धन बाजूला सरकतो. त्याच्या ०.००५ अनिश्चिततेच्या दुप्पट गेला की मी थांबतो. मात्र एवढ्या लहान सरकण्यावर एकट्याने विसंबू नये. व्हर्नियर कॅलिपरने चिपेची रुंदी मोजून कागदावरच्या दोन रेषांमधल्या अंतराशी ताडून पाहावी. फरक पाव मिलिमीटरच्या वर असेल तर पुन्हा आखणं सोपं पडतं. बारीक टोकाची पेन्सिल चिपेच्या तळाच्या कडेला घासत न्यावी. घासलेल्या, गोलावलेल्या कडेच्या जुन्या चिपेला मात्र पेन्सिल नीट चिकटत नाही. तिथे कडेला पट्टी टेकवावी, चीप उचलावी आणि मग पट्टीच्या आधाराने रेघ ओढावी.